जुन्या गच्चीवर सोलर: पॅनेलपेक्षा ठोकळ्यांचं वजन जास्त भरलं (11 महिन्यांनंतरचा अनुभव)

घराला 38 वर्षं झाली आहेत. गच्चीवर 550 वॉटची सहा पॅनेलं बसवून आता 11 महिने झाले, त्यात एक अख्खा पावसाळा आणि दोन मोठी वादळं येऊन गेली. विजेचं उत्पादन ठरल्याप्रमाणे होतंय, त्याबद्दल वेगळं सांगण्यासारखं काही नाही. हा अनुभव लिहितोय तो गच्चीसाठी, कारण आमचा सगळा जीव तिच्यातच अडकला होता.

बसवणाऱ्याचं पहिलं वाक्य होतं, "साहेब, पॅनेलचं वजन चौरस मीटरला जेमतेम 11 किलो. एवढ्यानं स्लॅबला काय होणार?" आकडा खरा आहे. एक पॅनेल 28 किलोचं, सहांचे 168, लोखंडी सांगाडा धरून सगळं मिळून 280 किलो. पण गच्चीवरच्या पॅनेलचा प्रश्न खाली दाबणाऱ्या वजनाचा कमी आणि वर उचलणाऱ्या वाऱ्याचा जास्त असतो. गच्चीला छिद्र पाडायचं नसेल, तर पॅनेल जागच्या जागी धरायला काँक्रीटचे ठोकळे लागतात, आणि खरं वजन त्यांचं असतं.

आमच्या स्ट्रक्चरल इंजिनिअर बाईंनी हिशेब कागदावर मांडून दाखवला. वाऱ्याचा वेग सेकंदाला 39 मीटर धरला, म्हणजे ताशी 140 किलोमीटर. दाब काढायचं सूत्र 0.6 गुणिले वेगाचा वर्ग. उत्तर येतं चौरस मीटरला सुमारे 913 न्यूटन, म्हणजे साधारण 93 किलो. पॅनेलांचं एकूण क्षेत्रफळ साडेपंधरा चौरस मीटर, म्हणजे उचल जवळपास 1,440 किलो. त्यावर दीडपट सुरक्षितता घेतली की 2,160. सांगाडा आणि पॅनेलांचे 280 वजा केले तरी 1,900 किलोच्या आसपास काँक्रीट लागणार. आठ पाय, प्रत्येकाखाली 60 बाय 60 आणि 28 सेंटिमीटर उंच ठोकळा, वजन 240 किलो. हा हिशेब 10 अंशांच्या कलाचा आहे. बसवणाऱ्याला कल जास्त हवा होता. थोडी वीज जास्त मिळाली असती, पण वाऱ्याची पकड वाढली असती आणि ठोकळेही. बाईंनी 10 वरच ठेवायला सांगितलं.

एकूण भार सव्वादोन टन. पॅनेलांखालच्या जागेवर त्याची सरासरी काढली तर चौरस मीटरला 140 किलो. माणसांच्या वावरासाठीची गच्ची साधारण 150 किलोला धरलेली असते. म्हणजे कागदावरची शिल्लक एकट्या सोलरनंच जवळजवळ संपवली असती. शिवाय ही झाली सरासरी. ठोकळ्याच्या अगदी खाली चौरस मीटरला साडेसातशे किलोहून जास्त भार येतो. तो स्लॅबच्या मधोमध आला तर वाईट. म्हणून आठही ठोकळे बीमच्या रेषांवर ठेवले आणि ते बीमही तपासून घेतले. बीम कुठे आहेत ते खालच्या खोल्यांच्या भिंतींवरून मापं घेऊन गच्चीवर खडूनं आखलं होतं.

आता स्लॅबच्या तब्येतीबद्दल. खालून छतावर हातोडीच्या दांड्यानं ठोकत गेलं की चांगला भाग टणक वाजतो आणि सुटलेला पोकळ. पाण्याच्या टाकीजवळचा कोपरा पोकळ वाजला. तिथं गिलावा काढल्यावर गजांवर गंजाचे पापुद्रे दिसले. तो कोपरा दुरुस्त केला आणि पॅनेलं तिथून लांब ठेवली. मग बाईंनी बैठकीच्या छताला बोटभर खाच पाडून ताज्या तुटलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फथॅलिन फवारलं. आतला भाग गडद गुलाबी झाला, पृष्ठभागालगतचे 12 मिलिमीटर मात्र बिनरंगाचे राहिले. रंग न आलेल्या भागातला अल्कलीपणा गेलेला असतो, तिथं गजाला गंजापासून संरक्षण उरत नाही. आमचे गज 20 मिलिमीटर आत होते. बाई म्हणाल्या, "अजून आठ मिलिमीटर हातात आहेत. पाणी आत येऊ दिलं नाहीत तर हे घर टिकेल." त्या गुलाबी कडेकडे मी बराच वेळ बघत राहिलो.

सगळ्यात मोठा धक्का पन्हाळाजवळ बसला. तिथं कड उघडून पाहिली तर एकावर एक दोन कोबे, म्हणजे पाणी अडवायला स्लॅबवर घालतात ते विटांच्या तुकड्यांचे जाड थर. मूळ कोबा गळायला लागल्यावर कधीतरी कोणीतरी त्याच्यावरच दुसरा, 9 सेंटिमीटरचा विटांचा कोबा घातला होता. त्याचं वजन चौरस मीटरला सुमारे 180 किलो, म्हणजे सोलरच्या भारापेक्षाही जास्त, आणि ते इतकी वर्षं कोणाच्या हिशेबातच नव्हतं. जुनी गच्ची असेल तर हे पन्हाळाजवळ किंवा जिन्याच्या उंबऱ्याशी नक्की बघा. उंबरा गच्चीच्या जवळजवळ पातळीला आलेला असेल तर शंका घ्यायला जागा आहे. आम्ही वरचा कोबा छिन्नी-हातोड्यानं काढला. ब्रेकर लावू दिला नाही, कारण जुन्या स्लॅबला हादरे नको होते. मग वॉटरप्रूफिंग नव्यानं केलं आणि पन्हाळं बंद करून तीन दिवस पाणी साठवून ठेवलं. खाली छत कोरडं राहिलं तेव्हाच पुढचं काम सुरू केलं.

बसवणाऱ्यांचा नेहमीचा मार्ग अँकर बोल्टचा. कोब्याच्या गच्चीवर तो दोन्हीकडून तोट्याचा आहे. 10 सेंटिमीटरचा बोल्ट कोब्यातल्या विटांच्या तुकड्यांतच संपतो, स्लॅबपर्यंत पोचत नाही. म्हणजे वाऱ्यात त्याची पकड भरवशाची नाही, आणि पाण्याला मात्र आत जायला सरळ वाट मिळते. ते पाणी कोब्यात मुरून पसरतं आणि छिद्रापासून भलतीकडेच ओल दिसते, त्यामुळे मूळ सापडत नाही. आम्ही एकही छिद्र पाडलं नाही. ठोकळ्यांच्या जागी वॉटरप्रूफिंगचा एक जादा हात दिला, वर जाड रबरी मॅट, त्यावर प्लॅस्टिकचा कागद, मग साचा लावून ठोकळा तिथंच ओतला. फाउंडेशन बोल्ट ओतानाच आत बसवले. हे झाल्यावरही एक माणूस अर्थिंगची पट्टी अडकवायला पॅराफिटच्या बुडाच्या गोलाईत ड्रिल लावून बसला होता. वेळेवर पाहिलं म्हणून थांबवता आलं. पट्टी पॅराफिटच्या बाहेरच्या अंगानं नेली. त्या दिवसांत घरातलं कोणीतरी वर हवंच.

पावसाळ्यात एक चूक उघडी पडली. एक ठोकळा पाण्याच्या उताराच्या बरोबर वाटेत आला होता. पाऊस थांबल्यावर त्याच्या मागे दोन-दोन दिवस पाणी साचायचं, महिन्याभरात हिरवं शेवाळ धरलं. ठोकळा हलवणं शक्य नव्हतं, म्हणून मागच्या बाजूला पॉलिमर मॉर्टरचा छोटा उंचवटा करून दोन्हीकडे उतार दिला. आता पाणी वळसा घालून जातं. बीमची रेषा आखाल तेव्हाच एक बादली पाणी ओतून त्याची वाटही खडूनं आखा.

दुसऱ्या वादळानंतर सगळे बोल्ट तपासले. पायांचे पक्के होते, पॅनेल धरणारे दोन क्लॅम्प ढिले निघाले. साइटवर कापलेल्या लोखंडाच्या टोकांना गंज धरत होता, तिथं झिंकचा रंग मारला.

एका गोष्टीचा आग्रह धरला ते फार बरं झालं: पॅनेलची खालची कड गच्चीपासून 45 सेंटिमीटर वर आहे. पॅनेलं 25 वर्षं चालतील, वॉटरप्रूफिंगचा थर त्याआधीच दोन-तीनदा नवा करावा लागेल. तेव्हा खाली माणसाचा हात ब्रशसकट पोचायला हवा. मागच्या आठवड्यात मी स्वतः खाली सरकून प्रत्येक ठोकळ्याची कड हातानं चाचपली आणि नंतर खाली येऊन बैठकीचं छतही. दोन्ही कोरडं होतं.