शर्यतीचा गेम: मोबाईल उभा की आडवा?

सांगलीत आम्ही दोघं बैलगाडी शर्यतीचा गेम बनवतोय. पहिला नमुना बाजूने दिसणारा होता, गाडी डावीकडून उजवीकडे पळणारी. 1080 बाय 2400 च्या मोबाईलवर तो उभा धरला आणि लगेच घोळ कळला. पडद्याची रुंदी 9 एकक मानली, तर गाडीपुढे जेमतेम 7 एकक रस्ता दिसतो. वेग सेकंदाला 10 एकक, म्हणजे खड्डा दिसल्यापासून आदळेपर्यंत 0.7 सेकंद. खेळणाऱ्याला वाटतं, गेमनेच फसवलं. तोच मोबाईल आडवा केला की पुढे 18 एकक, म्हणजे 1.8 सेकंद मिळतात.

मग आडवाच ठेवायचा? त्यासाठी दोन्ही हात मोकळे हवेत. साताऱ्याच्या एसटीत दांडा धरून उभा असलेला पोरगा तो उघडणारच नाही. आडवा गेम निवांत बसून, हेडफोन लावून अर्धा तास खेळणाऱ्याचा. शेजारची गाडी चाकाला चाक लावून पळताना त्यातच खरी दिसते, हे मात्र कबूल.

आम्ही उभा घेतला, पण कॅमेरा गाडीमागे नेला. आता रस्ता पडद्याच्या उंचीत लांबवर दिसतो, तीन चाकोऱ्या रुंदीत मावतात आणि अंगठा सरकवला की गाडी चाकोरी बदलते. बटणं पडद्याच्या खालच्या एक तृतीयांश भागात ठेवली. वरच्या कोपऱ्यातलं ‘थांबा’चं बटण गाठताना मोबाईल हातातून निसटत होता, म्हणून तेही खाली आणलं. एक फेरी 90 सेकंदांची केली, दोन थांब्यांमध्ये संपेल अशी.