पलंगापाशी बोर्ड कुठे द्यावेत: एकाच मांडणीनुसार की दोन मांडण्या धरून?

गिलाव्याआधी वायरमन जेव्हा खडू घेऊन भिंतीपाशी उभा राहतो, तेव्हा स्वयंपाकघराचे प्रश्न बहुधा लवकर सुटतात, कारण ओटा आणि सिंक जागचे हलणार नसतात. खरी अडचण झोपण्याच्या खोलीत येते. तिथे पलंग आणि कपाट यांच्या जागा अजून कागदावरही नसतात आणि बोर्ड मात्र कायमचे बसायचे असतात. अशा वेळी दोन मार्ग असतात. एकच मांडणी पक्की करून नेमके तिच्यापुरते पॉइंट द्यायचे, किंवा पुढे पलंग फिरवता येईल असे धरून दोन भिंतींवर सोय करायची. कोकणातील चिऱ्याच्या घरात हा निर्णय नंतर बदलणे अधिक जड जाते. ज्या भिंती गिलावा न करता जांभा तसाच दाखवण्यासाठी राखल्या आहेत, त्यांवर मागाहून मारलेली झिरी लपवता येत नाही आणि मग वरून केसिंग पट्टी मारण्यावाचून पर्याय उरत नाही.

दोन्ही मार्ग एकाच खोलीवर ताडून पाहू. खोली पूर्व-पश्चिम १२ फूट आणि दक्षिणोत्तर ११ फूट आहे. दार उत्तरेच्या भिंतीत पश्चिम टोकाला आहे आणि खिडकी पश्चिमेला. पश्चिमेच्या भिंतीवर पावसाळ्यात थेट झड येते, त्यामुळे उशी तिकडे नको आणि शक्य असेल तर बोर्डही नको. ओल धरणाऱ्या भिंतीत बॉक्स पुरून तो कोरडा राहील अशी आशा धरण्यात अर्थ नाही. उत्तरेकडे डोके करून झोपायचे नाही हा आपल्याकडचा रिवाज बहुतेक घरांत पाळला जातो. म्हणजे पलंगाच्या उशाला दोनच भिंती उरतात, दक्षिण आणि पूर्व. पर्याय मुळातच दोनवर आल्यामुळे ‘दोन्हीकडे सोय’ हा मार्ग वाटतो तितका खर्चिक राहत नाही.

पहिला मार्ग आधी पाहू. पलंग ६ फूट रुंद, म्हणजे ७२ इंच, आणि हेडबोर्ड दोन्ही बाजूंना दोन-दोन इंच बाहेर, म्हणजे ७६ इंच धरू. दक्षिणेची भिंत १४४ इंचांची आहे. वायरमन सवयीने भिंतीचा मध्य काढतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंना ४४ इंचांवर, म्हणजे पूर्वेच्या कोपऱ्यापासून २८ आणि ११६ इंचांवर बोर्डांचे मध्य धरतो. सहा मॉड्यूलची प्लेट साधारण आठ इंच रुंद असल्याने हेडबोर्ड आणि प्लेट यांच्यात दोन इंचांची फट राहते. इथवर हिशेब बरोबर आहे.

आता पूर्वेच्या भिंतीला लागून, दक्षिणेच्या कोपऱ्यापर्यंत, २४ इंच खोल कपाट येणार असेल तर काय होते ते पाहा. मोकळी भिंत १२० इंच उरते आणि पलंग तिच्या मध्यावर ठेवला की तो एक फूट पश्चिमेकडे सरकतो. त्याची कड १२० इंचांवर आणि हेडबोर्डाची १२२ इंचांवर येते. ११६ इंचांवरचा बोर्ड ११२ ते १२० इंच एवढी जागा व्यापतो, म्हणजे तो पूर्णपणे हेडबोर्डाच्या मागे जातो, तर दुसरा थेट कपाटाच्या कडेला चिकटतो. बोर्डांची योग्य जागा आता ४० आणि १२८ इंच ही आहे. थोडक्यात, पलंगाचा मध्य भिंतीवरून नव्हे, तर कपाट वजा केल्यावर उरलेल्या भिंतीवरून काढावा. या मांडणीत पलंग आणि कपाट यांच्यात दोनच फूट राहतात, म्हणून कपाटाची दारे सरकती हवीत. उघडणारी दारे बाजूच्या टेबलावर आपटतील.

दुसऱ्या मार्गात याच्या जोडीला पलंग पूर्वेच्या भिंतीला आणि कपाट दक्षिणेच्या भिंतीला, पूर्वेच्या कोपऱ्यापासून, असेही गृहीत धरायचे. पूर्वेच्या १३२ इंचांतून कपाटाचे २४ गेले की १०८ उरतात. पलंगाचा मध्य दक्षिणेच्या कोपऱ्यापासून ७८ इंचांवर आणि बोर्ड ३४ व १२२ इंचांवर येतात. कपाट सात फूट लांब असेल, तर कोणत्याही मांडणीत दुसऱ्या भिंतीवरचा एकच बोर्ड त्याच्या मागे झाकला जातो. उरलेला बोर्ड आरसा, इस्त्री किंवा चार्जर यांच्या उपयोगी पडतो. झाकल्या गेलेल्या बॉक्सवर कोरी प्लेट बसवावी आणि त्यात तारांचा जोड मुळीच ठेवू नये, कारण कपाट हलवल्याशिवाय तो तपासता येणार नाही.

खर्चातील फरक दोन जादा बोर्डांचा, त्यांच्या तारांचा आणि मजुरीचा आहे. मजुरी बहुधा पॉइंटवर लागते, त्यामुळे हा आकडा आधीच विचारून घेता येतो. तो जास्त वाटत असेल तर मधला मार्ग उपलब्ध आहे, आणि राहत्या घरासाठी माझी पसंती त्यालाच आहे. आजच्या मांडणीचे दोन बोर्ड पूर्ण करावेत आणि दुसऱ्या भिंतीत फक्त पाइप व बॉक्स बसवून आत नायलॉनची दोरी सोडावी. झिरी मारण्याचे धुळीचे काम एकदाच होते आणि तारा गरज पडेल तेव्हा ओढता येतात. बॉक्स शक्यतो प्लास्टिकचे घ्यावेत. खाऱ्या हवेत पत्र्याच्या बॉक्सला गंज धरतो आणि काही वर्षांनी प्लेटचा स्क्रू निघता निघत नाही.

उंचीच्या बाबतीत दोन्ही मार्ग सारखेच आहेत. गादीचा वरचा भाग साधारण २० इंचांवर आणि बाजूचे टेबल २२ ते २४ इंचांवर असते, म्हणून बोर्डाचा मध्य तयार फरशीपासून २७ ते २८ इंचांवर ठेवला की पडल्यापडल्या हात पोहोचतो. ‘तयार फरशीपासून’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. कोब्यावरून माप घेतले आणि नंतर मसाला व फरशी मिळून तीन इंच चढले, तर बोर्ड तेवढाच खाली येऊन टेबलाला टेकतो. पाण्याच्या नळीने सर्व भिंतींवर एक समपातळीची रेघ मारून घ्यावी आणि सगळी मापे तिच्यावरूनच काढावीत.

दिव्यांच्या बाबतीत मात्र फरक पडतो. उशाच्या वरचा भिंतीवरचा दिवा पहिल्या मार्गात शोभतो, परंतु पलंग फिरवल्यावर तो कपाटाच्या डोक्यावर किंवा मोकळ्या भिंतीवर विनाकारण लटकत राहतो. दोन मांडण्या धरायच्या असतील तर तो टाळून टेबलावरचा दिवा वापरावा. छताचा दिवा पंख्याच्या मध्यापासून किमान अडीच फूट दूर असावा, कारण ४८ इंची पंख्याची पाती दोन फुटांपर्यंत फिरतात आणि त्यांच्या वर आलेला दिवा खोलीभर लुकलुकत्या सावल्या पाडतो. दारापाशी आणि उशाशी अशा दोन्ही ठिकाणांहून तो दिवा चालवायचा असेल, तर टू-वे स्विचसाठी दोन बोर्डांमध्ये जादा तारा लागतात. म्हणून रिकाम्या सोडलेल्या बॉक्सचा पाइप दाराच्या बोर्डापर्यंत नेलेला असला पाहिजे. नाहीतर तिथे पुढे सॉकेट होईल, पण अंधारात उठूनच दिवा लावावा लागेल.

पाहुण्यांसाठी बांधलेल्या खोल्यांत पलंग भिंतीला जखडलेला असतो आणि तो कोणी फिरवणार नसतो. तिथे पहिला मार्गच योग्य आहे. जादा बोर्डांऐवजी तोच पैसा दोन्ही उशांशी स्वतंत्र सॉकेट देण्यात घालावा. कोणताही मार्ग निवडला तरी झिरी मारण्यापूर्वी पलंग, हेडबोर्ड आणि कपाट यांच्या चौकटी जमिनीवर चुन्याने खऱ्या मापात आखून घ्याव्यात, आणि गिलाव्यापूर्वी प्रत्येक भिंतीवर टेप धरून पाइपांचे फोटो काढून ठेवावेत.