फिल्मचा फोटो खोडत बसायचा, की सीडीतून बिननावाचं चित्र काढायचं?

आईच्या कमरेचा एमआरआय झाला. एक डॉक्टर ऑपरेशन म्हणाले, दुसरे थांबा म्हणाले. मग आणखी मतं घ्यावीत म्हणून स्कॅन ऑनलाइन टाकायचं ठरवलं. लिफाफ्यात तीन फिल्म होत्या आणि एक सीडी. नाव, तारीख, पेशंट आयडी काढायचे दोन्ही रस्ते मी चालून पाहिले.

पहिला रस्ता बहुतेकजण घेतात: फिल्म खिडकीला टेकवायची, मोबाइलने फोटो काढायचा आणि नावावर काळं फासायचं. सीडी ड्राइव्ह शोधायला नको, सॉफ्टवेअर नको, पाच मिनिटांत काम होतं, असं वाटतं खरं. पण आमच्या फिल्मवर वीस-वीस चौकटी होत्या आणि प्रत्येक चौकटीच्या कोपऱ्यात आईचं नाव बारीक अक्षरांत पुन्हा छापलेलं. म्हणजे तीन फिल्मवर साठ ठिकाणी. मी चिकाटीने एकूण एक नाव पुसलं आणि समाधानाने फोटो आधी मामेभावाला पाठवला. त्याने ब्राइटनेस पूर्ण वाढवला आणि आईचं आडनाव मला फोनवर वाचून दाखवलं. मी वापरलेलं पेन मार्करचं होतं, म्हणजे अर्धपारदर्शक. डोळ्यांना काळं दिसतं, पण खालची अक्षरं किंचित वेगळ्या छटेत तशीच राहतात. माझं मन तिथेच उडालं.

या रस्त्याने जायचंच असेल तर पेन सोडा, भरीव काळा चौकोन वापरा. कोपरे कापायचे असतील तर कापलेलं चित्र नवी फाइल म्हणून साठवा. २०२३ मध्ये गूगल पिक्सेलच्या मार्कअपमध्ये आणि विंडोज ११ च्या स्निपिंग टूलमध्ये असा दोष सापडला होता की कापलेला भाग फाइलच्या शेपटीला शिल्लक राहायचा आणि परत काढता यायचा. तो दुरुस्त झाला, पण जुन्या फाइली फिरतच असतात. शिवाय फोटोच्या फाइलमध्ये तारीख असते, कधी घराचं लोकेशनही. आणि लिफाफ्यावरचा क्यूआर कोड चुकून फोटोत आला, तर नाव खोडूनही काय उपयोग?

दुसरा रस्ता सीडीचा. एमआरआय आणि सीटी सीडीवर डायकॉम नावाच्या फाइल-प्रकारात साठवलेले असतात, आणि त्यात नाव सहसा चित्रावर लिहिलेलं नसतं. ते (0010,0010) सारख्या टॅगमध्ये, म्हणजे फाइलमधल्या माहितीच्या कप्प्यात, वेगळं असतं आणि फाइल उघडणारं सॉफ्टवेअर, म्हणजे व्ह्यूअर, ते वरून दाखवतो. त्यामुळे व्ह्यूअरमधला मजकूर बंद केला की खाली उरतं ते निव्वळ चित्र. तिथे नाव कधी नव्हतंच, मग खोडायचं काय? विंडोजवर मायक्रोडायकॉम, मॅकवर होरोस, दोन्हींकडे चालणारा वीसिस, यातलं काहीही चालेल. हवी ती चित्रं जेपेगमध्ये एक्स्पोर्ट करा. फाइल डायकॉम म्हणूनच पाठवलीत, तर पडद्यावर न दिसणारं नाव टॅगमध्ये जसंच्या तसं जातं. संपूर्ण सिरीज कुणी मागितली तर काही व्ह्यूअरमध्ये असलेली अॅनोनिमाइज, म्हणजे टॅगमधली ओळख पुसायची सोय वापरावी लागते, पण त्यात मशीनच्या कंपनीने जोडलेले खासगी टॅग सुटू शकतात. अनोळखी लोकांसाठी मी तिथवर जाणार नाही.

माझ्या आवडत्या पद्धतीचीही एक खोट सांगतो. मजकूर बंद केला की R आणि L ही दिशेची अक्षरंही जातात, आणि कितवा छेद आहे तेही. आईचा त्रास डाव्या पायाला, आणि दिशा न कळणारं चित्र बघून कोण मत देणार? काही व्ह्यूअरमध्ये फक्त रुग्णाची माहिती लपवता येते. नसेल तर ती अक्षरं हाताने घालावी लागतात. मी L4-L5 चा, म्हणजे कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधला आडवा छेद आणि मधला उभा छेद अशी मोजकीच चित्रं घेतली, म्हणून ते जमलं. फाइलींची नावंही बदलली, कारण एक्स्पोर्ट झालेल्या फोल्डरला सॉफ्टवेअरने आईचंच नाव दिलं होतं!

सोनोग्राफीला मात्र हे लागू नाही. तिथे नाव आणि तारीख बऱ्याचदा चित्रातच कायमची उमटलेली असतात. मजकूर बंद करूनही वरची पट्टी हटली नाही तर समजायचं, आणि मुकाट्याने ती पट्टी कापायची.

घाई असेल, एकच फिल्म असेल, तर फोटोचा रस्ता वाईट म्हणणार नाही. मला विचाराल तर शेजाऱ्याची सीडी ड्राइव्ह मागून आणणं साठ चौकोन काढण्यापेक्षा सोपं गेलं. तारीख काढल्यावर वाचणाऱ्याला काळाचा अंदाज येत नाही, म्हणून मी वर एवढंच लिहिलं: ‘स्त्री, वय साठीच्या पुढे, डाव्या पायात कळ, दुखणं सुरू झाल्यापासून पाच आठवड्यांनी काढलेला एमआरआय.’ नंतर कुणी तारीख विचारली नाही. एकाने विचारलं ते इतकंच, की मुंग्या अंगठ्याकडे येतात की करंगळीकडे.