नाईट पँट, जॉगर की लेगिंग? घराबाहेरच्या कामांसाठी काय निवडावं

माझी धाकटी बहीण ठाण्याला असते आणि घरूनच काम करते. दुपारी मधल्या तासाभरात ती गिरणीवर दळण टाकते, बँकेत किंवा औषधांच्या दुकानात डोकावते आणि येताना मुलाला शाळेच्या बसवरून घेऊन येते. गेल्या महिन्यात बसथांब्यावर कोणीतरी तिला सहज विचारलं, ‘‘बरं नाही का आज?’’ बरं नसायला काहीच झालं नव्हतं. अंगात सैल टी-शर्ट आणि होजिअरीची ट्रॅक पँट होती, एवढंच. त्या रात्री तिने मला तीन पँटींचे फोटो पाठवले आणि विचारलं, यातली कुठली घेऊ आणि वर काय घालू?

तिन्ही पँटी काळ्या होत्या आणि फोटोत सारख्याच दिसत होत्या. पहिली सुती होजिअरीची ट्रॅक पँट, दुसरी फ्रेंच टेरीची जॉगर, तिसरी नायलॉन आणि स्पॅन्डेक्सची लेगिंग. फरक सगळा कापडात आहे आणि कपडे झोपायचे वाटतात की बाहेरचे, हेही बरंचसं तिथेच ठरतं. झोपायचं कापड पातळ आणि लुळं असतं. ते अंगावर पडून राहतं, त्याला स्वतःचा आकार नसतो. वर आणि खाली दोन्हीकडे असं कापड आलं, की रंग कितीही चांगला असो, बघणाऱ्याला अंथरूणच आठवतं. म्हणून माझा साधा नियम असा: वरचं आणि खालचं यांपैकी निदान एका कपड्याने आकार धरून ठेवला पाहिजे.

होजिअरी म्हणजे टी-शर्टचंच विणलेलं कापड. वजन साधारण १५० ते १८० जीएसएम, म्हणजे एका चौरस मीटरला तेवढे ग्रॅम. घरात याच्याइतकं सुखाचं काही नाही. पण सुताला ताणल्यावर मागे येण्याची ओढ कमी असते. तासभर मांडी घालून बसून उठलात की गुडघ्यांवर फुगे येतात आणि ते धुईपर्यंत जात नाहीत. खिशात मोबाईल टाकला की ती बाजू खाली ओढली जाते, कंबर तिरकी होते. या पँटवर वर काहीही घाला, फुगलेले गुडघे लपत नाहीत. कुर्ता घातला तर थोडं निभतं, पण मग सलवारच काय वाईट? बाहेरच्या कामांसाठी ही पँट मी बाद करेन. त्यातही फुलाफुलांची किंवा कार्टूनची असेल, तर दाराबाहेर नकोच.

फ्रेंच टेरी बाहेरून गुळगुळीत असते आणि आत बारीक फासे असतात. चांगल्या जॉगरचं कापड २४० ते २८० जीएसएमचं असतं. त्यामुळे ते मांडीवरून सरळ खाली येतं, चिकटत नाही. घोट्याजवळची रिबची पट्टी सगळ्यात कामाची: पायाचा शेवट तिथे नीट बांधला जातो आणि पँट बुटावर गोळा होत नाही. नावावर मात्र जाऊ नका. ‘जॉगर’ म्हणून पातळ होजिअरीही विकली जाते. दुकानात दोन गोष्टी करून बघा. कापडाच्या एका थरामागे तळहात धरून उजेडाकडे बघा. बोटं मोजता आली तर कापड पातळ आहे. मग गुडघ्याच्या जागी मुठीने दहा सेकंद ताण द्या आणि सोडा. उंचवटा तसाच राहिला, तर तीच गत महिनाभराने अंगावर होणार आहे. ५ टक्के इलास्टेन, म्हणजे स्पॅन्डेक्सचाच ताणला जाणारा धागा, असेल तर कापड बऱ्यापैकी मागे येतं. ऑनलाइन घेताना निदान वजन आणि हे प्रमाण वाचा. आतून मऊ लव असलेलं जाड फ्लीस आपल्याकडे नको. ते नाशिकच्या थंडीत ठीक, ठाण्याच्या दुपारी घामाने भिजवेल. टेरीचीही मर्यादा हीच आहे: मे महिन्यात ती गरम होते, आणि पावसात भिजली की सावकाश वाळते.

लेगिंग एरवी झोपायची वाटत नाही. तिची अडचण वेगळी आहे: ती थेट व्यायामाहून आल्यासारखी दिसते आणि बँकेत उभं राहताना अनेकींना अवघडल्यासारखं होतं. तिच्याबरोबर वरचा कपडा मांडीच्या मध्यापर्यंत हवा आणि तो कडक कापडाचा हवा, उदाहरणार्थ पॉपलिनचा किंवा जाडसर लिननचा शर्ट. सैल, लुळा, लांब टी-शर्ट घातलात तर व्यायामाची लेगिंगसुद्धा नाईट ड्रेस होऊन जाते. घेताना दिवसाच्या उजेडात खाली बसून आरशात पाठ बघा; ताणल्यावर कापड विरळ पडतं का, ते तेव्हाच कळतं. खिसा नसेल तर किल्ल्या आणि मोबाईलसाठी पिशवी लागते, तेही धरून चला.

बहिणीला मी जॉगर सुचवली. तिला दिवसातून दोनदा जमिनीवर बसायचं असतं, पिठाचा डबा उचलायचा असतो, आणि शर्ट खाली ओढत राहायला ती तयार नव्हती. पण खरी गंमत वरच्या कपड्यात झाली. पहिल्या दिवशी तिने जॉगरवर नेहमीचाच टी-शर्ट घातला. त्याचा खांदा दंडावर उतरलेला, गळा सैल पडलेला आणि लांबी नितंबाखाली. फोटो बघून मलाही वाटलं, पैसे वाया गेले. मग तिने कपाटातला दुसरा टी-शर्ट काढला. खांद्याची शिवण खांद्याच्या हाडावर, गळ्याची पट्टी ताठ, लांबी कमरेच्या पट्टीखाली चार बोटं. खाली तीच पँट, पण ती वेगळीच बाई दिसत होती. पँटची नाडी तिने आत खोचली. लोंबती नाडी लगेच पायजम्याची आठवण करून देते. बँकेच्या दिवशी ती वरून चेक्सचा सुती शर्ट बटणं न लावता घालते आणि बाह्या दोनदा दुमडते. ठाण्याच्या दमटपणात जॅकेट अंगावर राहत नाही, म्हणून तिथे हाच तिसरा थर.

वर-खाली एकाच कापडाचे सेटही हल्ली खूप दिसतात. घ्यायचा असेल तर जाड आणि एकरंगी घ्या. पातळ कापडाचा आणि सगळीकडे छाप असलेला सेट म्हणजे शब्दशः नाईट सूटचीच रचना आहे, त्यात माप आणि शिलाई कितीही चांगली असली तरी फरक पडत नाही.

पायात काय, हे कपड्यांइतकंच बोलतं. न्हाणीघरातल्या रबरी स्लिपर नेसलेल्या साडीलाही घरगुती करतात. पांढरे बूट असतील तर उत्तम, नसतील तर मागे पट्टा असलेली सँडल चालेल.

जॉगर टिकवायची तर उलटी करून गार पाण्यात धुवा, सावलीत वाळवा, गरम इस्त्री फिरवू नका. उष्णतेने इलास्टेनची ओढ जाते आणि मग गुडघे फुगू लागतात. मांड्यांच्या आतल्या बाजूला गोळे आले, की ती पँट घरात घालायला काढा.

रंगाचा निर्णय शेवटी गिरणीने केला. काळ्यावर पिठाची बोटं लांबून दिसतात आणि फिक्या करड्यावर घामाचे डाग. तिने काळी परत करून गडद ऑलिव्ह घेतली, आणि गेले तीन आठवडे दळण, बँक, बस सगळं त्याच पँटवर चाललंय.