तेहतीसवर अडकलेली बोटं: मराठी टायपिंगच्या नव्या सरावाचा पाच महिन्यांचा अनुभव

आधी माझी गोष्ट थोडक्यात. मराठी चाळीसचा, म्हणजे मिनिटाला चाळीस शब्दांचा, क्लास लावला, इनस्क्रिप्ट कीबोर्ड, रोज एक तास. पहिल्या दोन महिन्यांत शून्यावरून तीसपर्यंत आलो. पुढचे चार महिने तोच तास, तेच उतारे, आणि वेग 32-33. एकही दिवस चुकवला नव्हता. सर म्हणायचे, "हात बसला की वेग येतो." हात तर केव्हाच बसला होता. अडचण तीच होती, हे मला फार उशिरा कळलं.

एखादी गोष्ट विचार न करता जमायला लागली की बोटं ती जमते तशीच करत राहतात, त्यातल्या चुकीच्या सवयींसकट. मी रोज एक तास टाइप करत होतो, म्हणजे रोज एक तास 33च्या वेगाने टाइप करण्याचा सराव करत होतो. अँडर्स एरिक्सन या मानसशास्त्रज्ञाने टायपिस्टांबद्दल लिहिलेलं मग वाचनात आलं. पूर्ण लक्ष टिकेल तेवढाच वेळ, म्हणजे पंधरा ते तीस मिनिटं, नेहमीच्या वेगापेक्षा दहा ते वीस टक्के जास्त वेगाने टाइप करायचं. त्या ताणात कुठे अडखळतो ते उघडं पडतं, आणि काम तिथेच करायचं. पाच महिने मी हेच केलं. सामान म्हणजे एक वही, मोबाईल आणि त्यावरचं मेट्रोनोमचं, म्हणजे ठराविक लयीत ठोके देणारं, फुकट अ‍ॅप.

पहिलं काम सरावाचं नव्हतंच. सात मिनिटांचा उतारा टाइप करताना मोबाईल कीबोर्डशेजारी ठेवून नुसता आवाज रेकॉर्ड केला. रात्री तो निम्म्या वेगाने ऐकला. खडखडखड, थांबा, खडखड, थांबा. प्रत्येक थांब्याला वहीत टिंब दिलं, साठेक टिंबं झाली. आता हिशेब बघा. पाच कळांचा एक शब्द धरतात, म्हणजे 33च्या वेगाने सात मिनिटांत 1155 कळा होतात. साठ थांबे, प्रत्येकी साधारण एक सेकंद, म्हणजे 420 सेकंदांतला एक अख्खा मिनिट बोटं नुसती लटकलेली. तो मिनिट काढला तर तेवढ्याच कळा सहा मिनिटांत होतात, आणि वेग येतो 38च्या पुढे. म्हणजे माझी बोटं हळू नव्हतीच, ठराविक ठिकाणी अडत होती. आणि अख्खा उतारा पुन्हा पुन्हा मारताना त्या साठ जागांच्या वाट्याला सराव येतो तो किती? बाकीचा वेळ आधीच येणाऱ्या अक्षरांवर जातो.

आता त्या जागा कोणत्या? इनस्क्रिप्टवाल्यांनी आपला डावा हात समोर धरावा. डाव्या तर्जनीकडे सहा कळा आहेत: ि, ी, ु, ू, न आणि व. आता "नवीन" टाइप करून बघा. न, व, ी, न. चारही कळा एकाच बोटाच्या. "विनंती" मधल्या पहिल्या तीन तशाच. आणि आपला कुठलाही सरकारी अर्ज "नम्र विनंती की" शिवाय पुढे सरकत नाही. दोन हात आलटूनपालटून चालतात तेव्हा एक बोट कळ दाबत असताना दुसरं पुढच्या कळेवर पोचलेलं असतं. एकाच बोटाला ती सोय नाही. निम्मी टिंबं इथलीच होती.

यावर मी जे केलं ते क्लासमध्ये चालणार नाही, आधीच सांगतो. व ची कळ उजव्या तर्जनीला दिली. मधोमध आहे, पोचते. पहिले तीन आठवडे वेग 29वर आला आणि मी जवळजवळ सोडूनच दिलं होतं. मेट्रोनोम मिनिटाला 120 ठोक्यांवर लावून, एका ठोक्याला एक कळ, फक्त "वि", "वी", "नव", "वन" एवढंच दहा मिनिटं. घरचे वैतागले. जमलं की ठोके दहाने वाढवायचे. माझा नेहमीचा वेग 165 कळांचा, म्हणून शेवटचं लक्ष्य 190 ठेवलं. दहातली एकापेक्षा जास्त कळ चुकायला लागली की एक पायरी खाली. हा नियम माझा स्वतःचा, पण त्याशिवाय वेगाच्या नादात चुकाच पाठ होतात.

दुसरा ढीग जोडाक्षरांचा. इथे चुकीनेच कारण सांगितलं. माझ्या उताऱ्यात "कषअट", "दुसऱअया" असले शब्द वारंवार यायचे. मी त्यांना गडबड समजून पुढे जायचो. मग लक्षात आलं, हलन्ताची कळ शिफ्टसह दाबली की अ उमटतो. म्हणजे ष साठी दाबलेली शिफ्ट मी वेळेत सोडत नव्हतो. डाव्या करंगळीने शिफ्ट धरायची आणि लगेच त्याच हाताच्या मधल्या बोटाने हलन्त मारायचा, करंगळी मागे राहते. जीवावर उदार होऊन "कष्ट" शंभरदा मारण्यात काही अर्थ नव्हता. शिफ्ट, ष, शिफ्ट सोड, हलन्त एवढाच तुकडा अगदी सावकाश केला, करंगळी उचलली जाते का हे बघत. दहा दिवसांत मधला अ जवळजवळ गेला. (दुसऱ्या मधला ऱ हाही शिफ्टवरचाच. साधा र वापरला तर "दुसर्या" होतं, तेही चूकच.)

तिसरी गोष्ट डोळ्यांची. मी टाइप करत असलेलंच अक्षर वाचत होतो. टिमथी सॉल्टहाऊस यांच्या 1984च्या अभ्यासात वयस्क टायपिस्टांची बोटं तुलनेने संथ होती, तरी त्यांचा वेग टिकून होता, कारण ते मजकुरात जास्त पुढचं वाचत होते. मी स्क्रीनवर वही आडवी धरून उमटणारा मजकूर झाकला आणि नजर छापील कागदावर एक शब्द पुढे ठेवायचा प्रयत्न केला. पहिला आठवडा भयानक. यात मोजता येईल असा फायदा किती झाला ते सांगता येत नाही, पण ओळ संपताना होणारा थांबा कमी झाला.

एक फसगत सांगतो. दुसऱ्या महिन्यात 41 आला आणि मी पेढे आणले. तो उतारा सात-आठ वेळा मारलेला होता. ताजा दिला तर 35. उतारा पाठ झाला की बोटं तो उतारा शिकतात, टायपिंग नाही. तेव्हापासून रविवारी कधीही न पाहिलेला मजकूर, बहुतेकदा वर्तमानपत्राचा अग्रलेख, आणि वहीत फक्त तोच आकडा. सुरुवातीपासूनचा वेग असा चढला: तीन आठवड्यांनी 29, दोन महिन्यांनी 35, चारला 39, आता 42.

तोटेही आहेत. वीस मिनिटांच्या वर हे होत नाही. लक्ष उडालं की मी पुन्हा जुन्याच चालीवर जातो, म्हणून घड्याळ लावून उठतो. मनगट दुखलं की दोन दिवस बंद. कंटाळवाणं तर इतकं, की क्लासमधला तास बरा वाटावा, निदान तिथे गप्पा तरी होत्या. रेकॉर्डिंग ऐकून टिंबं द्यायला आठवड्यातून एक संध्याकाळ जाते.

परवाच्या रेकॉर्डिंगमध्ये बावीस टिंबं निघाली. त्यातली नऊ आकड्यांची आहेत, तारखा आणि रकमा आल्या की नजर अजून कीबोर्डवर जाते. पुढचा महिना त्यांचा.