क्लॉस फायब्रिनोजेन किट: आठ महिने वापरल्यानंतरचा अनुभव

आमच्या लॅबमध्ये सेमी ऑटो कोअ‍ॅग्युलोमीटर आधीपासून होता पण त्यावर गुठळी व्हायला लागणारी वेळ मोजणाऱ्या पीटी आणि एपीटीटी या दोनच टेस्ट चालायच्या, गुठळी ज्याची बनते ते रक्तातलं प्रोटीन म्हणजे फायब्रिनोजेन मोजायला बाहेर पाठवायचो आणि रिपोर्ट दुसऱ्या दिवशी यायचा, तोवर पेशंटचं जे व्हायचं ते होऊन गेलेलं असायचं. आठ महिन्यांपूर्वी क्लॉस मेथडचं किट घेतलं. कंपनीचं नाव लिहीत नाही कारण तत्त्व सगळ्यांचं एकच आहे, १९५७ साली क्लॉसने मांडलेलं.

तत्त्व असं. थ्रॉम्बिन फायब्रिनोजेनचे छोटे तुकडे कापून त्याचं फायब्रिन करतं, आणि फायब्रिनचे धागे एकमेकांना जुळून गुठळी होते. साध्या थ्रॉम्बिन टाइममध्ये थ्रॉम्बिन थोडं घालतात म्हणून हेपरिन वगैरे कशानेही वेळ लांबते. क्लॉसमध्ये उलटं करायचं, प्लाझ्मा बफरमध्ये दहापट पातळ करायचा आणि थ्रॉम्बिन भरपूर घालायचं. म्हणजे कापणारं एन्झाइम कमी पडायचा प्रश्नच नाही, प्लाझ्मातले अडथळेही पातळ झालेले, मग वेळ ठरते ती फक्त फायब्रिनोजेन किती आहे त्यावर. जास्त असेल तर पटकन गुठळी, कमी असेल तर उशिरा.

आमची पद्धत: ५० मायक्रोलिटर प्लाझ्मा अधिक ४५० बफर, त्यातलं २०० क्युव्हेटमध्ये, ३७ डिग्रीला दोन मिनिटं, मग १०० मायक्रोलिटर थ्रॉम्बिन घालायचं आणि घातल्या क्षणी टायमर सुरू. थ्रॉम्बिन ३७ ला गरम करायचं नाही, रूम टेंपरेचरलाच ठेवायचं, आमच्याकडे पहिल्या आठवड्यात सवयीने पीटीच्या रिएजंटसारखं ते ब्लॉकमध्ये ठेवलं गेलं आणि दुपारपर्यंत कंट्रोल लांबायला लागले.

कॅलिब्रेशन एकदा नीट समजलं की सगळं सोपं आहे. रेफरन्स प्लाझ्मा २८० मिलिग्रॅम पर डेसिलिटरचा होता. १:१० ला १२ सेकंद, म्हणजे २८०. तोच १:२० केला की १४० धरायचा, त्याला २२ सेकंद. १:४० म्हणजे ७०, त्याला ४१. १:५ म्हणजे ५६०, साधारण साडेसहा. लॉग-लॉग कागदावर हे चारही बिंदू जवळजवळ सरळ रेषेत येतात, नाही आले तर पिपेटिंग बघा, रिएजंटला दोष नंतर द्या. लॉट बदलला की रेष नव्याने काढायचीच, आणि रोज एक नॉर्मल आणि एक लो कंट्रोल दोन्ही लावायचे, नुसता नॉर्मल लावून लो भागातली चूक कधीच सापडणार नाही.

आता ज्यासाठी हे लिहायला बसले ते. तिसऱ्या महिन्यात नाइटला लेबर रूममधून सॅम्पल आलं, आठवा महिना, पोट दगडासारखं कडक, ब्लीडिंग, वार आधीच सुटलेली. पीटी १४ सेकंद, कंट्रोल १३. एपीटीटी नॉर्मल. प्लेटलेट १ लाख ३० हजार. पूर्वी असती तर मी ‘कोअ‍ॅग्युलेशन नॉर्मल’ सांगून मोकळी झाले असते. फायब्रिनोजेनची वेळ आली १९.५ सेकंद, ग्राफवर १६०. नॉर्मल रेंज २०० ते ४००, त्यामुळे वाचताना वाटतं थोडंसंच कमी आहे. पण गरोदरपणात शेवटच्या तिमाहीत फायब्रिनोजेन वाढून ४०० ते ६०० असतं! म्हणजे हिचं अर्ध्याहून जास्त आधीच संपलं होतं. मी फोन करून मॅडमना हेच सांगितलं, त्यांनी लगेच ब्लड बँकेला क्रायो, म्हणजे प्लाझ्मातून काढलेला फायब्रिनोजेनचा गोठवलेला साठा, वितळवायला सांगितलं आणि तासाभरात पुन्हा सॅम्पल पाठवते म्हणाल्या.

दुसऱ्या सॅम्पलला ३६ सेकंद. एवढ्या लांब वेळेवर माझा विश्वास नसतो, रेषेच्या टोकाला गुठळी इतकी मऊ असते की मशीनलाही कधी पकडता येत नाही, म्हणून १:५ करून परत लावलं, म्हणजे १०० प्लाझ्मा ४०० बफर. आले १९.५ सेकंद, ग्राफवर १६०, प्लाझ्मा दुप्पट घातलाय म्हणून भागिले दोन, ८०. पहिल्या वाचनाशी जुळलं. पीटी आता कुठे १८ वर गेला होता. पीटी आणि एपीटीटी फायब्रिनोजेन साधारण १०० च्या खाली जाईपर्यंत फारसे हलत नाहीत, तोपर्यंत ते धीर देत बसतात. १० युनिट क्रायो, सोबत एफएफपी म्हणजे गोठवलेला प्लाझ्मा आणि रक्त दिलं, बाळंतपण झालं, ब्लीडिंग आटोक्यात आलं, पुढचं वाचन २०.८ सेकंद म्हणजे १५० च्या आसपास. बाई वाचली. बाळ नाही वाचलं, ते अजून मनात आहे.

असं का होतं तर वार सुटली की तिच्यातला टिश्यू फॅक्टर आईच्या रक्तात जातो, सगळीकडे थ्रॉम्बिन तयार होतं आणि ते फायब्रिनोजेन खात सुटतं. वरून रक्त वाहून जातं, सलाईनने उरलेलं पातळ होतं. मोठ्या रक्तस्रावात धोक्याच्या पातळीला सगळ्यात आधी पोचतं ते फायब्रिनोजेनच. बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावावर २००७ मध्ये फ्रान्समधून अभ्यास आला होता, त्यात सुरुवातीलाच २०० किंवा त्याहून कमी असलेल्या सगळ्या बायकांचा रक्तस्राव पुढे गंभीर झाला.

अशा सगळीकडे गुठळ्या होऊन गोठवणारे घटक संपण्याला डीआयसी म्हणतात, पण सेप्सिसच्या डीआयसीत मात्र सावध राहा. इन्फेक्शनमध्ये लिव्हर फायब्रिनोजेन भराभर बनवतं, त्यामुळे आत खर्च चालू असतानाही आकडा ३०० दिसू शकतो. आयएसटीएच या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या डीआयसी स्कोअरमध्ये फायब्रिनोजेनला १०० च्या खाली असेल तरच एक गुण आहे, बाकी वजन प्लेटलेट, पीटी आणि डी-डायमरला. अशा पेशंटमध्ये एकच आकडा बघू नका, सकाळी ५५० आणि संध्याकाळी ३०० असेल तर ती घसरण आहे, रिपोर्टवर दोन्ही आकडे वेळेसकट शेजारी लिहा.

फसवणारी सॅम्पल्सही सांगते. ट्यूबमध्ये बारीक गुठळी झाली असेल तर फायब्रिनोजेन तिथेच खर्च झालेलं असतं आणि वाचन खोटं कमी येतं, म्हणून कमी वाचन आलं की मी आधी ट्यूबमध्ये लाकडी काडी फिरवून बघते, गुठळी निघाली तर रिपोर्ट नाही, नवं सॅम्पल. सलाईन चालू असलेल्या हातातून घेतलेलं असेल तरी कमी येतं, तेव्हा हिमोग्लोबिन आणि प्लेटलेटही एकदम पडलेले दिसतात. नेहमीच्या डोसचं हेपरिन चालतं, पण डॅबिगाट्रानवर असलेल्या पेशंटचं खोटं कमी येऊ शकतं कारण ते औषध थेट थ्रॉम्बिनलाच धरतं. घोणस चावलेल्या पेशंटमध्ये मात्र काही वेळा १:५ लाही गुठळीच होत नाही, आणि तिथे ते खरं असतं, तेव्हा आकडा न लिहिता ‘सर्वात कमी मोजमापाच्या खाली’ असं लिहायचं आणि लगेच फोन करायचा.

तक्रार एकच, वायल एकदा विरघळवली की थोडेच दिवस टिकते आणि आमच्याकडे रोज केस नसते, त्यामुळे अर्धी वाया जाते. आता छोट्या वायलचा पॅक मागवतो, टेस्टमागे महाग पडतो पण मध्यरात्री ताजी वायल हाताशी असते. आणि लेबर रूमच्या फॉर्मवर आम्ही गरोदरपणाचे आठवडे लिहायची जागा छापून घेतलीय, कारण १६० हा आकडा कुणाचा आहे हे कळल्याशिवाय मला तो वाचता येत नाही.