राहती बाई की दोन पाळ्या? – दादाला पत्र

इंदूर, रविवार रात्र

प्रिय दादा,

आईच्या देखभालीसाठी घरी झालेल्या बैठकीचं रेकॉर्डिंग पाठवलंय. 52 मिनिटं आहेत, त्यातली दहा काकांच्या आठवणींचीच! आईला घर सोडायचं नाही, हे तिने सुरुवातीलाच सांगितलं. प्रश्न उरला तो बाईचा: एकच राहती, की बारा-बारा तासांच्या दोघी?

पैशांत राहती स्वस्त, कारण पगार एकच. जेवण-झोपण्याची सोय आपली.

खरी गोम रात्रीची. आई तीनदा लघवीला उठते. पार्किन्सन्समध्ये उभं राहताच रक्तदाब घसरू शकतो, म्हणून आधी दोन मिनिटं पलंगाच्या काठावर बसवायचं, मग उभं करायचं. दिवसभर राबलेली बाई रात्री गाढ झोपणारच. 31व्या मिनिटाला आई म्हणते, “तिला उठवायला जीव होत नाही गं, मी भिंत धरून जाते.” हे नीट ऐक. गेल्या महिन्यात ती तशीच पडली.

दोन पाळ्यांत चूक होते ती बदलीच्या वेळी. सकाळी आठची गोळी जेवणाआधी अर्धा तास द्यायची. एकीला वाटतं दुसरीने दिली. म्हणून वही ठेवायची, गोळी गिळल्यावरच वेळ लिहायची. सुट्टीला मात्र एक तरी येते. राहती गावी गेली की सगळं माझ्यावर.

रात्री सलग झोपणाऱ्याला राहती पुरते. आईला सध्या दोघीच हव्यात. वरचा खर्च तू उचलशील का?

तुझी,
ताई